तीन कारखान्यांचे टॉवेल आणि एक ढीग

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून टेरी टॉवेल उचलून ते बाहेरगावी पाठवणारे एक घाऊक व्यापारी माझ्या ओळखीचे आहेत. ते तीन कारखान्यांकडून माल घेतात. त्या कारखान्यांना आपण अ, ब आणि क म्हणू, आणि हिशेब डोक्यात करता यावा म्हणून आकडेही गोल धरू. अ कारखान्याच्या मालात शेकडा २ टॉवेल सदोष निघतात, ब कारखान्याच्या मालात शेकडा ३ आणि क कारखान्याच्या मालात शेकडा ६. गोदामात तिन्ही गठ्ठे फोडून माल एकत्र झाला, आणि त्या ढिगातून डोळे मिटून एक टॉवेल उचलला, तर तो सदोष निघण्याची संभाव्यता किती?

त्यांच्या दिवाणजींनी क्षणात उत्तर दिले : दोन, तीन आणि सहा मिळून अकरा, भागिले तीन, म्हणजे शेकडा ३.६७. उत्तर चुकले आहे असे मी लगेच म्हटले नाही, कारण ते एका वेगळ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आहे. तो प्रश्न कोणता, हे पुढे येईल.

आधी ‘सदोष’ म्हणजे काय ते पाहू, कारण ही व्याख्या तिन्ही कारखान्यांसाठी एकच नसेल तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. टेरी टॉवेलमध्ये उभे धागे दोन प्रकारचे असतात. एक संच ताणून धरलेला असतो आणि दुसरा सैल सोडलेला असतो. काही आडवे धागे भरले की फणी त्यांना एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल धाग्यांचे वेटोळे वर येते, आणि त्या वेटोळ्यांमुळेच टॉवेल पाणी शोषतो. सैल धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर टॉवेलच्या लांबीत बोटाने चाचपता येईल अशी एक बोडकी रेघ उमटते. आडवा धागा तुटला तर रुंदीत विरळ पट्टी पडते. याखेरीज मागाच्या तेलाचे डाग असतात. आता अ कारखान्याने तेलाचा डाग धुवून निघतो म्हणून तो दोषात धरला नाही आणि क कारखान्याने धरला, तर २ आणि ६ या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून आपण असे मानू की तिन्ही ठिकाणचा माल व्यापाऱ्याच्याच एका तपासनिसाने एकाच कसोटीवर पाहिला आहे.

दिवाणजींच्या उत्तरात राहून गेलेली गोष्ट म्हणजे कोणाचा माल किती, ही. ढिगात १०,००० टॉवेल आहेत. त्यांपैकी ५,००० अ चे, ३,००० ब चे आणि २,००० क चे. मग अ च्या मालात सरासरी १०० सदोष, ब च्या मालात ९० आणि क च्या मालात १२० टॉवेल असतील. एकूण ३१०. दहा हजारांत ३१०, म्हणजे शेकडा ३.१. या मोजणीत गणिताचा कोणताही डावपेच नाही, पण ‘एकूण संभाव्यतेचा नियम’ म्हणून पुस्तकात जो येतो तो हाच आहे :

P(द) = P(अ) × P(द|अ) + P(ब) × P(द|ब) + P(क) × P(द|क)

येथे ‘द’ म्हणजे उचललेला टॉवेल सदोष असणे. P(अ) म्हणजे तो अ कारखान्याचा असण्याची संभाव्यता, आणि P(द|अ) म्हणजे तो अ चाच आहे हे ठाऊक असताना तो सदोष असण्याची संभाव्यता. आकडे घातले की ०.५ × ०.०२, ०.३ × ०.०३ आणि ०.२ × ०.०६ यांची बेरीज ०.०३१ येते. मधली उभी रेघ पाहून विद्यार्थी उगाच बिचकतात. ‘हे ठाऊक असताना’ एवढेच ती म्हणते.

आता दिवाणजींकडे वळू. गोदामात आलेल्या गठ्ठ्यांची त्यांची वही पाहिली तर प्रत्येक कारखान्याचे २० गठ्ठेच होते. तीन सारखे वाटे दिसल्यावर त्यांनी तीनने भागले, यात नवल नाही. फरक गठ्ठ्याच्या आत होता : अ च्या गठ्ठ्यात २५० टॉवेल असत, ब च्या १५० आणि क च्या फक्त १००. समजा गठ्ठे फोडलेच नाहीत, साठांपैकी कोणताही एक गठ्ठा निवडला आणि मग त्यातून एक टॉवेल ओढला. या पद्धतीत प्रत्येक कारखान्याची पाळी येण्याची संभाव्यता खरोखरच एक तृतीयांश आहे, आणि उत्तर दिवाणजींचेच, ३.६७ येते. गठ्ठे फोडून ढीग केला की प्रत्येक टॉवेलला सारखी संधी मिळते आणि उत्तर ३.१ होते. माल तोच, कारखाने तेच, दोषांचे प्रमाणही तेच. बदलली ती फक्त निवडण्याची रीत. म्हणून कोणी ‘माल सरासरी किती सदोष’ असे विचारले, तर नियमाला हात घालण्याआधी ‘उचलणार कसा’ हे विचारावे लागते. सूत्रातील P(अ), P(ब), P(क) हे आकडे कारखान्यांचे गुण नसून त्या उचलण्याच्या रीतीचे गुण आहेत. माझ्या मते या नियमात चुका होतात त्या बहुतेक येथेच होतात, गुणाकारात नव्हे.

दुसरी चूक वाट्यांच्या बेरजेत सापडते. नियम लागू पडण्यासाठी प्रत्येक टॉवेल कोणत्या तरी एका कारखान्याचा असला पाहिजे, एकाच वेळी दोघांचा नसला पाहिजे, आणि तिन्हींबाहेरचाही नसला पाहिजे. समजा गोदामाच्या कोपऱ्यात गेल्या हंगामातील ५०० टॉवेल पडून होते, दमट हवेने त्यांतले शेकडा १० खराब झाले होते, आणि कोणीतरी तेही ढिगात लोटले. आता ढीग १०,५०० चा झाला. जुन्या ३१० सदोष टॉवेलांना १०,५०० ने भागले तर २.९५ येते, म्हणजे खराब माल मिसळूनही प्रमाण सुधारल्यासारखे दिसते. खरे सदोष टॉवेल ३६० आहेत आणि खरे उत्तर ३.४३ आहे. अशी गफलत ओळखणे सोपे आहे : तीन कारखान्यांचे वाटे १०,५०० च्या हिशेबाने काढले तर त्यांची बेरीज १०० टक्के भरत नाही, ९५ टक्क्यांच्या थोडी पुढे थांबते. उरलेले पावणेपाच टक्के कोणाचे, हे विचारले की कोपरा आठवतो. आणखी एक ताळा असा की एकूण उत्तर नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या प्रमाणाच्या दरम्यानच पडते. फक्त तीन कारखान्यांच्या ढिगात ते २ च्या खाली किंवा ६ च्या वर आले, तर आकडेमोड पुन्हा करावी.

नियमाचा खरा उपयोग मला दिसला तो एका तक्रारीच्या निमित्ताने. लग्नसराईच्या तोंडावर अ कारखान्याचे काही माग बंद होते, म्हणून व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून कमी आणि क कडून जास्त माल घेतला. दहा हजारांत आता अ चे ३,०००, ब चे ३,००० आणि क चे ४,००० टॉवेल होते. त्याच सुमारास तिघांनीही मागांची डागडुजी केली होती आणि दोषांचे प्रमाण अनुक्रमे १.८, २.८ आणि ५.५ वर उतरले होते. तरीही ग्राहकांकडून परत येणारा माल वाढला. व्यापारी वैतागून मला म्हणाले, “सर, तिघेही सांगतात आम्ही सुधारलो. मग खोटे कोण बोलते?”

खोटे कोणीच बोलत नव्हते. हिशेब असा : ५४ अधिक ८४ अधिक २२०, म्हणजे ३५८ सदोष टॉवेल, शेकडा ३.१ वरून ३.५८. हा फरक दोन पायऱ्यांत फोडून पाहण्यासारखा आहे. वाटे जुनेच, ५०, ३० आणि २० ठेवले असते आणि फक्त नवी प्रमाणे लावली असती, तर एकूण २.८४ आले असते; म्हणजे डागडुजीने ०.२६ ची घट नक्की केली. त्यानंतर वाटे ३०, ३० आणि ४० केल्यावर आकडा २.८४ वरून ३.५८ वर चढला; म्हणजे खरेदीच्या बदललेल्या वाट्यांनी ०.७४ ची भर घातली. कारखानदारांनी जेवढे कमावले त्याच्या जवळजवळ तिप्पट व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या खरेदीने घालवले. हे ऐकून ते थोडे गप्प झाले, आणि दिवाणजी मात्र वहीत डोके घालून हसले.

नियमातील एकेक गुणाकार सुटा ठेवला तर तोच हिशेब उलट दिशेनेही वाचता येतो. थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाशी ज्या रीतीचे नाव जोडले गेले, ती हीच उलटी वाट आहे. हातात सदोष टॉवेल आला आहे. तो क चा असण्याची संभाव्यता किती? पहिल्या ढिगात ३१० सदोष टॉवेलांपैकी १२० क चे, म्हणजे शेकडा ३९ च्या आसपास. लग्नसराईच्या ढिगात ३५८ पैकी २२०, म्हणजे शेकडा ६१ हून अधिक. पहिल्या ढिगात बोडकी रेघ दिसताच क ला फोन लावणे घाईचे ठरले असते, कारण पाचांपैकी तीन वेळा तो टॉवेल दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

व्यापाऱ्यांकडे तपासनीस एकच, आणि माल पाठवण्याआधी त्याच्याने साधारण २,००० टॉवेलच उलगडून पाहणे होते. पूर्वी तो मिसळलेल्या ढिगातून हाताला येतील ते टॉवेल पाहत असे. पहिल्या ढिगात त्याला सरासरी ६२ सदोष सापडले असते आणि ते काढून उरलेल्या मालात दोषाचे प्रमाण शेकडा २.५ राहिले असते. गठ्ठे फोडण्याआधी त्याने फक्त क चे वीस गठ्ठे पाहिले, आणि त्यातला प्रत्येक दोष त्याच्या नजरेस पडला असे मानले, तर तेवढ्याच श्रमात १२० सदोष टॉवेल बाहेर निघतात. उरतात ९,८८० टॉवेल आणि त्यांत १९० सदोष, म्हणजे शेकडा १.९ च्या थोडे वर. आता गठ्ठे तपासणी झाल्यावरच फोडले जातात, आणि दिवाणजींच्या वहीत गठ्ठ्यांच्या आकड्याशेजारी नगांचा आकडा लिहिण्यासाठी एक नवा रकाना आखला गेला आहे.