पुढच्या दातांतली फट: व्हिनियर की बाँडिंग, त्याआधी मोजपट्टी

वरच्या मधल्या दोन दातांमधली फट बुजवायची ठरली की पेशंटचा पहिला प्रश्न असतो, दातावर पातळ कवच बसवायचं व्हिनियर करू की दातावर थेट भर चढवायचं बाँडिंग? पण त्याआधी मोजमाप घ्यावं लागतं. ते चुकलं तर कितीही महागडं साहित्य वापरलं तरी दात परके दिसतात.

एक उदाहरण घेऊ. पंचविशीतली तरुणी आहे, दात निरोगी आहेत, कीड नाही, रंगही चांगला आहे. फट 2 मिलिमीटर. मधला प्रत्येक दात 8.2 मिमी रुंद आणि 10.5 मिमी उंच. म्हणजे रुंदी उंचीच्या 78 टक्के आहे. साधारण 75 ते 80 टक्क्यांच्या आसपासचं प्रमाण आपल्याला नैसर्गिक वाटतं. आता फट बंद करायला दोन्ही दात एकेक मिलिमीटर रुंद केले की रुंदी 9.2 होते आणि प्रमाण 88 टक्क्यांवर जातं. फट गेली, पण त्या जागी दोन ठसठशीत चौकोनी दात आले. फोटोत ते लगेच जाणवतं.

यावर एक चांगला मार्ग म्हणजे काही महिने अलाइनर किंवा तारा लावून दोन्ही दात अर्धा-अर्धा मिलिमीटर मध्ये सरकवणं. मग मधली फट 1 मिमी उरते आणि प्रत्येक दाताला अर्धाच मिलिमीटर भर घालावी लागते. प्रमाण 83 टक्के होतं. सरकल्यामुळे बाजूच्या दाताशी जी बारीक जागा तयार होते, ती त्या बाजूच्या दाताला भर घालून बुजवता येते. तो दात मुळात लहानसर असेल तर उलट बरंच दिसतं. तारा नकोच असतील तर दातांची धार अर्धा मिलिमीटर लांबवूनही प्रमाण 84 टक्क्यांवर आणता येतं. मात्र खालचे दात कुठे टेकतात, हे पाहिल्याशिवाय धार वाढवायची नसते. नाहीतर तीच धार आधी तुटते.

दुसरं मोजमाप हिरडीचं. दोन दातांच्या मध्ये हिरडीचा एक टोकदार त्रिकोण असतो. तो जागा भरून काढतो की नाही, हे दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हिरडीखालच्या हाडापर्यंतच्या अंतरावर बरंचसं ठरतं. दंतवैद्य डेनिस टार्नो आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हे मोजलं. अंतर 5 मिमी किंवा कमी असेल तर हिरडीचा त्रिकोण जवळपास नेहमी भरलेला होता. 6 मिमी झालं की जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी. फटीच्या दातांत हा त्रिकोण बहुधा पसरट असतो. म्हणून नुसती दाताच्या टोकाकडे भर घालून दात टेकवले की हिरडीजवळ काळं भोक उरतं आणि त्यात भाताचं शीत अडकतं. ते टाळायचं तर भर हिरडीच्या किंचित आतून सुरू करून, हळूहळू बाहेर फुगवत आणून, दात एकमेकांना लांब पट्ट्यात टेकवावे लागतात. हळुवार दाब मिळाला की हिरडी काही आठवड्यांत दातांमधल्या जागेत सरकून टोकदार होते. माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे.

आता साहित्याकडे येऊ. बाँडिंगमध्ये डॉक्टर काँपोझिट, म्हणजे काचेच्या सूक्ष्म कणांनी भरलेलं राळेसारखं द्रव्य, दातावर थेट चढवतात. त्याचा पाया 1955 मध्ये दंतवैद्य मायकेल ब्युनोकोर यांनी घातला. फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, खरखरीत केलं की त्यावर राळ पक्की बसते, हे त्यांनी दाखवलं. आज साधारण 37 टक्के आम्लाची जेल काही सेकंद लावून धुतात. दात वाळवल्यावर इनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं की ते तयार झालं. मग बाँडिंगचा द्रव, त्यावर काँपोझिटचे पातळ थर, आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. रंगाची निवड मात्र अगदी सुरुवातीला, दात ओला असतानाच करावी लागते. अर्धा तास कोरडा राहिलेला दात जास्त पांढरा दिसतो आणि तेव्हा निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी वेगळा पडतो.

व्हिनियर म्हणजे लॅबमध्ये बनवलेलं चिनी मातीचं पातळ कवच. त्यासाठी बहुतेक वेळा दाताच्या दर्शनी बाजूचं साधारण अर्धा मिलिमीटर इनॅमल घासतात. फट बुजवायची असेल तर फटीच्या बाजूलाही घासत आत जावं लागतं, कारण कवचाला तिथून वळसा घालून हिरडीपाशी सुरू व्हायचं असतं. आणि इनॅमल नेमकं हिरडीजवळच सगळ्यात पातळ असतं. जरा जास्त घासलं की त्याखालचा मऊसर थर, डेंटिन, उघडा पडतो. डेंटिनवरची पकड इनॅमलइतकी भरवशाची नसते; दात थंड-गरमाला शिवशिवतो आणि कवच निघण्याची शक्यता वाढते. व्हिनियर अखेर राळेनेच चिकटवतात, म्हणजे दोन्ही पद्धतींचा आधार एकच आहे: शाबूत इनॅमल. एक पद्धत ते राखते, दुसरी त्यातलं थोडं खर्ची घालते, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही.

मग व्हिनियर करायचंच कशाला? कारण त्याचे फायदेही खरे आहेत. चिनी मातीवर चहा, हळद, तंबाखूचे डाग जवळजवळ बसत नाहीत आणि चकाकी वर्षानुवर्षं टिकते. चांगल्या इनॅमलवर बसवलेली बहुतेक व्हिनियर दहा वर्षांनंतरही शाबूत आढळतात. शिवाय पूर्ण दर्शनी भाग नव्याने घडवता येतो. दाताचा पुढचा भाग जिथे बाजूला वळतो, तिथल्या उभ्या कडांवर प्रकाश चमकतो आणि त्या कडांमधलं अंतर डोळा दाताची रुंदी समजतो. त्या जवळ आणल्या की रुंद दातही अरुंद भासतो. काँपोझिटने हे जमतं, पण फट मोठी असेल किंवा दातांचा रंग, आकार, झीज हे सगळंच बदलायचं असेल, तर व्हिनियरमध्ये जास्त नेमकेपणाने जमतं.

आपल्या उदाहरणातल्या तरुणीला मी बाँडिंगच सुचवीन. तिच्या दातांच्या दर्शनी भागात काहीच बिघडलेलं नाही; कमी आहे ती बाजूच्या एका मिलिमीटरची. काँपोझिटचा टवका उडाला तर त्याच जागी भर घालता येते, चकाकी गेली तर पॉलिश करता येतं. पाच-सात वर्षांनी काही भाग पुन्हा करावा लागेल, हे मात्र आधीच सांगायला हवं. शिवाय आम्ल न लावता काँपोझिट नुसतं चिकटवून नवा आकार आरशात दाखवता येतो. नाही आवडला तर तो नखाने निघतो. हा नमुना मागून घ्या. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा आणि मग साधारण दोन आठवडे थांबा, कारण ब्लीचिंगचा उरलेला ऑक्सिजन राळेला नीट कडक होऊ देत नाही.

काम नीट झालं का, हे फ्लॉसने कळतं. दोरा हिरडीपाशी अडकून फाटत असेल, किंवा दोन-तीन आठवडे नियमित सफाई करूनही तिथून रक्त येत असेल, तर काँपोझिटची किंवा व्हिनियरची कड बहुधा बाहेर आलेली आहे आणि ती घासून सपाट करून घ्यायला हवी. काही वर्षांनी कडेला तपकिरी रेघ दिसली तर आधी तो वरवरचा डाग आहे की फट पडून आत झिरपतंय, हे तपासतात.

काही फटी मात्र लगेच बुजवायच्याच नसतात. सात ते अकरा वर्षांच्या मुलांतली फट वरचे सुळे आल्यावर बऱ्याचदा आपोआप मिटते. आणि ज्यांचे दात आयुष्यभर चिकटलेले होते, त्यांच्यात चाळिशी-पन्नाशीत नवी फट पडू लागली, तर हिरडीच्या आजाराने हाड झिजून दात सरकत असण्याची शक्यता मोठी असते. तिथे आधी एक्स-रे आणि हिरडीच्या खोलीची मोजणी व्हायला हवी. त्या सरकत्या दातांवर आज केलेलं बाँडिंग किंवा व्हिनियर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा दूर जाईल, आणि मधल्या काळात हाड आणखी गेलेलं असेल.