हिरव्या स्फटिकातला पिवळा रेणू

रसायनशास्त्राच्या शोधनिबंधात 'आम्ही नवे संयुग बनवले' असे एक वाक्य असते आणि त्याच्या पाठीशी पाच-सहा प्रकारची मोजमापे असतात. वाचणाऱ्याने खरे तर एकच विचारायचे असते : या मोजमापांतून हेच संयुग सिद्ध होते, की दुसरे काही असते तरी आकडे असेच आले असते? मॉलिब्डेनम या धातूच्या एका संयुगाबाबत हा प्रश्न जवळजवळ वीस वर्षे नीट धसाला लागला नाही. आकडे खोटे होते म्हणून नव्हे. मोजमापे प्रामाणिक होती आणि मोजणारी माणसे आपल्या क्षेत्रातली नावाजलेली होती, म्हणूनच ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

1971 मध्ये ब्रिटनमध्ये जोसेफ चॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी MoOCl2(PMe2Ph)3 या संयुगाची आणि त्याच्या भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. मधोमध मॉलिब्डेनमचा अणू, त्याला जोडलेला एक ऑक्सिजन, दोन क्लोरीन आणि तीन फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरस असलेले गट, अशी या रेणूची रचना. हे संयुग निळ्या रंगात मिळत होते आणि हिरव्या रंगातही. अणू तेच, त्यांची मांडणी तीच, तरी रंग वेगळा. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना काढली तेव्हा निळ्या संयुगात मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन यांच्यातले अंतर सुमारे 1.68 अँग्स्ट्रॉम भरले. हिरव्या रंगाच्या, पण किंचित वेगळे फॉस्फिन असलेल्या भावंडात ते 1.80 निघाले. अँग्स्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्यातला 0.12 चा फरक आपल्याला नगण्य वाटेल, पण बंधांच्या जगात तो फार मोठा आहे. इतक्या फरकाने बंधाचे बळच बदलायला हवे.

म्हणून दावा असा झाला की हे समघटक, म्हणजे त्याच अणूंची वेगळी रूपे, नव्या जातीचे आहेत, आणि त्यांच्यात फक्त एका बंधाची लांबी वेगळी आहे. एरवी बंध ताणला की तो स्प्रिंगसारखा मूळ लांबीवर परत येतो. इथे मात्र तो दोन वेगवेगळ्या लांबींवर स्थिर राहतो, असे मानावे लागत होते. या कल्पनेला पुढे 'बंध-ताण समघटकता' या अर्थाचे नाव मिळाले. आणखी काही धातूंच्या संयुगांत अशीच उदाहरणे सापडल्याचे निबंध आले. 1988 मध्ये नोबेल विजेते रोआल्ड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कसे शक्य आहे याचे सैद्धांतिक स्पष्टीकरणही मांडले. प्रयोग होता, सिद्धांत होता, आणखी उदाहरणेही होती. शंका घ्यायला जागा उरली नव्हती असे कुणालाही वाटले असते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार्ड पार्किन यांच्या गटाने ती शंका घेतली. 1991 आणि 1992 मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधांनी दाखवून दिले की हिरवा समघटक अस्तित्वातच नव्हता. हिरवा पदार्थ म्हणजे तेच निळे संयुग होते आणि त्यात MoCl3(PMe2Ph)3 या दुसऱ्या संयुगाची थोडी भेसळ होती. या दुसऱ्या संयुगाचा रंग पिवळा आहे. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, इतकी साधी गोष्ट वीस वर्षे लपून राहिली होती.

पण भेसळीने रंग बदलला हे कळले तरी बंधाची लांबी कशी बदलली? या प्रकरणाचे मर्म तिथे आहे.

पिवळ्या संयुगात ऑक्सिजनच्या जागी क्लोरीन असतो. बाकीचा रेणू निळ्यासारखाच आहे, आकारही जवळपास तोच. त्यामुळे स्फटिक वाढताना निळ्यांच्या रांगेत मधूनमधून एखादा पिवळा रेणू अगदी बेमालूम बसतो. स्फटिकावर क्ष-किरण टाकल्यावर कुणा एका रेणूचे चित्र मिळत नाही. अब्जावधी रेणूंचे एकावर एक ठेवलेले, सरासरी चित्र मिळते. त्यात दिसते तीही अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांची दाटी. ऑक्सिजनचे आठ इलेक्ट्रॉन मॉलिब्डेनमपासून 1.68 अँग्स्ट्रॉमवर असतात. क्लोरीनचे सतरा इलेक्ट्रॉन सुमारे 2.4 अँग्स्ट्रॉमवर असतात. भेसळीची कल्पनाच नसलेला संशोधक त्या दिशेला एकच ऑक्सिजन आहे असे धरून गणित मांडतो. मग संगणक त्या ऑक्सिजनला बाहेर सरकवतो, कारण बाहेरच्या बाजूला काही इलेक्ट्रॉन त्याला खरोखर दिसत असतात.

किती भेसळ पुरेल याचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. शंभर रेणूंपैकी दहा पिवळे असतील तर ऑक्सिजनचा वाटा 0.9 गुणिले 8, म्हणजे 7.2 इलेक्ट्रॉन. क्लोरीनचा वाटा 0.1 गुणिले 17, म्हणजे 1.7. या दोन्हींचा भारित मध्य काढला तर 1.82 अँग्स्ट्रॉम येतो. प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचे असते आणि मध्य नेमका इथे पडेलच असे नाही. पण दहा टक्क्यांच्या आतबाहेरची भेसळ 1.68 चे 1.80 करू शकते, एवढे यावरून उघड दिसते. पार्किन यांच्या गटाने हे कागदावर ठेवले नाही. त्यांनी शुद्ध निळे आणि शुद्ध पिवळे संयुग मुद्दाम एकत्र घेऊन स्फटिक वाढवले. ते हिरवे निघाले, आणि त्यांत बंधाची 'लांबी' भेसळीच्या प्रमाणानुसार बदलत गेली. खऱ्या समघटकाची लांबी एका ठरावीक आकड्यावर थांबली असती. इथे ती हवी तशी सरकवता येत होती.

आता प्रश्न असा की इतर चाचण्यांनी ही भेसळ का पकडली नाही? नवे संयुग जाहीर करताना मूलद्रव्यांचे विश्लेषण द्यायची पद्धत आहे. नमुना जाळून त्यात कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन किती टक्के आहेत ते मोजतात. मोजलेला आकडा अपेक्षित आकड्याच्या 0.4 टक्के आत असला की बहुतेक नियतकालिके तो मान्य करतात. शुद्ध निळ्या संयुगात कार्बन 48.26 टक्के असायला हवा. दहा टक्के पिवळा मिसळला तर तो 48.10 होतो. फरक 0.16 चा, म्हणजे मर्यादेच्या चांगलाच आत. हायड्रोजन 5.57 वरून 5.55 वर येतो, तो फरक तर यंत्राच्या चुकीतच बुडून जातो. म्हणजे दहापैकी एक रेणू परका असूनही हा नमुना 'शुद्ध' ठरतो. क्लोरीन मोजला असता तर चित्र वेगळे दिसले असते : 11.87 टक्क्यांच्या जागी 12.42, फरक 0.55. भेसळ ज्या मूलद्रव्याने केली आहे तेच मोजायचे राहिले, तर कार्बनचे कितीही सुंदर आकडे कामाला येत नाहीत. निबंध वाचताना मी आता ही गोष्ट आधी बघतो. शंका ज्या अणूबद्दल आहे तो अणू मोजला आहे का?

दुसरी नेहमीची चाचणी एनएमआरची. यात रेणूतले हायड्रोजन किंवा फॉस्फरस आपापल्या जागी रेघा उमटवतात, आणि भेसळ असेल तर जास्तीच्या रेघा दिसतात. पण पिवळ्या संयुगाच्या मॉलिब्डेनमवर तीन एकटे, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असतात. ते त्याला अनुचुंबकीय बनवतात. अशा रेणूच्या रेघा पसरट होतात आणि नेहमीच्या जागेपासून लांब सरकतात. फॉस्फरसच्या रेघा तर बहुधा दिसतच नाहीत. निळ्या संयुगात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे त्याच्या रेघा मात्र तीक्ष्ण आणि नेमक्या येतात. म्हणून नेहमीची पट्टी मोजून थांबणाऱ्याला हिरव्या नमुन्यातही स्वच्छ निळाच दिसतो. पट्टी रुंद करून, पसरट उंचवट्यांकडे लक्ष देऊन पाहिले तर पिवळा सापडतो. आलेखात काही दिसले नाही याचा अर्थ, तो आलेख कुठून कुठपर्यंत काढला आहे हे पाहिल्यावरच लावता येतो.

स्फटिकरचनेतही खुणा असतात. अणू आपल्या जागी किती हलतो हे दाखवायला आकृतीत अंडाकृती ठिपके काढतात. भेसळ असलेल्या स्फटिकात ऑक्सिजनचा ठिपका बंधाच्या दिशेने विचित्रपणे लांबट होऊ शकतो. पण दोन-तीन आकड्यांच्या जुळणीवरून 'रचना उत्तम सुटली' म्हणणारा सहसा या ठिपक्याकडे पाहत नाही. शिवाय क्ष-किरणांखाली ठेवलेला स्फटिक म्हणजे बाटलीतल्या पदार्थातून निवडून काढलेला एकच कण असतो. त्याची रचना कितीही बरोबर असली तरी बाटलीत उरलेल्या पदार्थाबद्दल ती काहीच सांगत नाही. सगळ्या भुकटीचा क्ष-किरण आलेख काढून तो एका स्फटिकावरून काढलेल्या अपेक्षित आलेखाशी ताडला, तरच ही दरी बुजते. आणि भेसळ स्फटिकाच्या आतच मिसळलेली असेल, तर तेही पुरत नाही.

हल्लीचे उदाहरणही याच वाटेने गेले. 2023 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी तांबे मिसळलेल्या शिशाच्या एका फॉस्फेटला, म्हणजे एलके-99 ला, सामान्य तापमानाला चालणारा अतिवाहक, म्हणजे विजेला जराही विरोध न करणारा पदार्थ, म्हटले. मुख्य पुरावा म्हणजे 104.8 अंश सेल्सिअसला विद्युतरोधात होणारी मोठी घट. हा आकडा इलिनॉय विद्यापीठातल्या प्रशांत जैन यांना ओळखीचा वाटला. मुंबईच्या माटुंग्यातल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या जैन यांचे काम तांब्याच्या सल्फाइडवर आहे, आणि Cu2S ची अंतर्गत रचना, आणि तिच्याबरोबर विद्युतरोधही, साधारण याच तापमानाला बदलतो. एलके-99 बनवण्याच्या रीतीतच हे सल्फाइड भेसळ म्हणून तयार होते. पुढे जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत सल्फाइडविरहित शुद्ध स्फटिक वाढवले गेले. ते पारदर्शक, जांभळट निघाले. अतिवहन तर राहोच, ते विद्युतरोधक होते.

मॉलिब्डेनमच्या प्रकरणातून बंध-ताण समघटकता अशक्य आहे असे सिद्ध झालेले नाही. एखाद्या रेणूच्या बंधाला दोन स्थिर लांबी असू नयेत असा निसर्गाचा नियम नाही, आणि दोन रूपांत इलेक्ट्रॉनांची मांडणीच वेगळी असेल तर लांबीही वेगळी असते हे माहीत आहे. सिद्ध झाले ते इतकेच की या संयुगाबाबत दिलेली मोजमापे त्या दाव्यापर्यंत पोचत नव्हती. उद्या कुणी असा दावा पुन्हा केला, तर बघायचे काय तेही आता ठाऊक आहे : प्रत्येक रूपाचे क्लोरीन धरून विश्लेषण, रुंद पट्टीतले एनएमआर, वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या नमुन्यांत तीच बंधलांबी, आणि पुन्हापुन्हा विरघळवून स्फटिक वाढवल्यावरही न बदलणारा रंग.