वर्षांकांची बेरीज आणि भंगार किमतीचा वाद

वर्षांकांच्या बेरजेने घसारा काढण्याची रीत पाठ्यपुस्तकांत आधीपासून होती, पण ती धंद्याच्या वह्यांमध्ये खऱ्या अर्थाने शिरली 1954 च्या अमेरिकी करकायद्यामुळे. त्याआधी करासाठी बहुतेकांचा घसारा दरवर्षी सारखा हप्ता पाडूनच निघे. नव्या कायद्याने दोन वेगवान पद्धतींना उघड परवानगी दिली. एक होती दुप्पट दराने घटत्या शिल्लकीवर घसारा काढण्याची आणि दुसरी वर्षांकांच्या बेरजेची. अटी दोनच महत्त्वाच्या होत्या. मालमत्ता नवी हवी, म्हणजे पहिला वापर करदात्याचाच हवा, आणि तिचे आयुष्य निदान 3 वर्षांचे हवे.

दोन्ही पद्धती सुरुवातीला जास्त घसारा देतात, म्हणून त्या जोडीने शिकवल्या जातात. भंगार किमतीशी मात्र त्यांचे नाते अगदी वेगळे आहे, आणि पुढची भांडणे त्या नात्यातूनच उभी राहिली.

60,000 डॉलरचे यंत्र, आयुष्य 5 वर्षे, शेवटी भंगारात 6,000 येतील असा अंदाज. वर्षांकांची बेरीज 5+4+3+2+1, म्हणजे 15. इथे पहिल्याच पायरीला 6,000 बाजूला काढून ठेवतात आणि उरलेल्या 54,000 चे 15 समान वाटे पाडतात, प्रत्येक वाटा 3,600 चा. पहिल्या वर्षी पाच वाटे, मग चार, तीन, दोन, एक. म्हणजे 18,000, 14,400, 10,800, 7,200 आणि 3,600. वाटे 15 होते आणि 15 च वाटले गेले, तेव्हा एकूण घसारा 54,000 होणारच आणि वहीत 6,000 उरणारच. मूळ किंमत वजा भंगार किंमत हा आकडा इथे शेवटी जुळवून आणावा लागत नाही. वाटणी सुरू होते तीच त्याच्यापासून.

घटत्या शिल्लकीत तसे होत नाही. त्याच यंत्रावर सारख्या हप्त्याच्या 20 टक्क्यांच्या दुप्पट, म्हणजे 40 टक्के दराने चार वर्षे घसारा काढला की 7,776 उरतात. पाचव्या वर्षाचा हिशेब सांगतो की आणखी 3,110 काढा. तसे केले तर शिल्लक 4,666 वर, भंगार किमतीच्या खाली जाते. म्हणून शेवटच्या वर्षी 1,776 वर हात आखडावा लागतो. या पद्धतीत भंगार किंमत हिशेबात सुरुवातीला येतच नाही, ती शेवटी दारात आडवी उभी राहते.

वर्षांकांच्या पद्धतीत होणारी नेहमीची चूक अशी: अपूर्णांक बरोबर घेतात, पण ते मूळ 54,000 ला लावण्याऐवजी दरवर्षी उरलेल्या रकमेला लावतात. दुसऱ्या वर्षी 36,000 चे 4/15, म्हणजे 9,600, आणि पुढेही तसेच. पाच वर्षे संपतात तेव्हा 54,000 पैकी सुमारे 17,084 घसारा काढायचा राहिलेला असतो. उरलेल्या रकमेवरच काम करायचे असेल तर छेदही दरवर्षी बदलावा लागतो: 15, 10, 6, 3, 1. मग 36,000 चे 4/10 म्हणजे पुन्हा 14,400 च येतात. आयुष्य संपल्यावर वहीत भंगार किमतीपेक्षा वेगळा आकडा दिसला, की चूक अपूर्णांकात झाली की पायाभूत रकमेत, एवढेच शोधायचे. शिल्लक शून्य असेल तर बहुधा भंगार किंमत वजाच केलेली नसते.

हे गणित कोणी नाकारले नाही. वाद पेटला तो ‘भंगार किंमत’ या शब्दावर. वस्तू पुरती मोडकळीला आल्यावर लोखंडाच्या भावाने येणारे पैसे, की धंद्यातून ती काढून टाकताना बाजारात मिळणारी किंमत? भाड्याने गाड्या देणारे धंदे गाडी थोडाच काळ वापरून विकत, घसारा मात्र गाडीचे पूर्ण आयुष्य धरून, भंगाराच्या भावाच्या अंदाजाने काढत. त्यात फायदा उघड होता. घसाऱ्याने 52 टक्के दराचा कंपनी कर वाचे, आणि विक्रीचा नफा भांडवली म्हणून 25 टक्क्यांत सुटे. 1960 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आयुष्य म्हणजे त्या धंद्यातले वापराचे आयुष्य, आणि भंगार किंमत म्हणजे त्या आयुष्याच्या शेवटी अपेक्षित असलेली विक्रीची किंमत. शब्द ‘भंगार’ राहिला, अर्थ पुनर्विक्रीचा झाला.

मग करखाते एक पाऊल पुढे गेले, आणि माझ्या मते तिथे त्याचा पाय घसरला. एका जहाज कंपनीने डिसेंबर 1955 मध्ये 4,69,000 डॉलरना जुने मालवाहू जहाज घेतले. आयुष्य 3 वर्षे आणि भंगार किंमत 54,000 हे आकडे करखात्याने आधीच मान्य केले होते. जहाज जुने, म्हणून वेगवान पद्धत लागू नव्हती, घसारा सारख्या हप्त्याने निघत होता. पुढच्या वर्षी सुएझ कालव्याचे संकट आले, जहाजांचे भाव चढले आणि डिसेंबर 1957 मध्ये ते जहाज 6,95,500 ला विकले गेले.

कंपनीने त्या वर्षाचा 1,35,367 डॉलरचा घसारा मागितला. करखाते म्हणाले, वर्षाच्या सुरुवातीला वहीत 3,26,628 होते आणि तुम्हाला त्याहून जास्त मिळाले, मग झीज कसली? हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. पण त्यात अंदाजाची जागा नंतर हाती आलेली किंमत घेते. भंगार किंमत वस्तू घेताना ठरते, आणि वाटणीचा पाया त्याच अंदाजावर असतो. विक्रीनंतर तो पाया हलवला तर 54,000 बाजूला ठेवण्याला अर्थच उरत नाही. बाजाराच्या तेजीने झालेला लाभ आणि वापराने खर्ची पडलेली किंमत यांची सरमिसळही होते. 1966 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. घसारा कायम राहिला, आणि त्यामुळे वाढलेला नफा विक्रीत मोजला गेला.

तोवर कायदाही बदलला होता. 1962 च्या कायद्याने यंत्रांसारख्या मालमत्तेच्या विक्रीत, आधी काढलेल्या घसाऱ्याइतका नफा साध्या उत्पन्नासारखा करपात्र झाला. भाड्याच्या गाड्यांची युक्ती त्याने जवळजवळ संपली. त्याच वर्षी भंगार किमतीतून मूळ किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंतची रक्कम दुर्लक्षित करायची मुभाही मिळाली. वरच्या यंत्राचे 6,000 नेमके तेवढेच, म्हणजे त्या नियमाने पूर्ण 60,000 वाटता आले असते आणि वाटा 4,000 चा झाला असता. बेरीज मूळ किंमत वजा भंगार किंमत इतकीच. फक्त वजा करायला शून्य.

1981 मध्ये करासाठी मालमत्तेची किंमत वसूल करण्याची नवी पद्धत आली. तिने ठरावीक वर्षगट आणि टक्केवारीचे तक्ते दिले आणि भंगार किंमत हिशेबातूनच काढून टाकली. वर्षांकांची बेरीज त्यानंतर उरली ती 1980 पर्यंत वापरात आलेल्या मालमत्तेच्या करहिशेबात, आणि ज्यांना हवी त्यांच्या आर्थिक पत्रकांत, जिथे भंगार किंमत आजही पहिल्याच ओळीत वजा होते.