द्राक्षाचा घड मे महिन्यातच ठरतो

हरभरा वीतभर झाला की आमच्याकडे बायका शेतात शेंडे खुडायला जातात. ओल्या पाल्याची भाजी होते, उरलेला पाला वाळवून ठेवला की उन्हाळ्यापर्यंत पुरतो. शेतमालक त्यांना कधी अडवत नाही, कारण त्यात त्याचाच फायदा असतो. माझी आजी अहिराणीत म्हणायची, "शेंडा खुडा का बगल फुटस." शेंडा खुडला की बगलेतून फूट निघते, घाटे जास्त धरतात. द्राक्षाच्या बागेत कात्री घेऊन जे चालतं, त्याचा निम्मा भाग आजीच्या या एका वाक्यात आहे. उरलेला निम्मा भाग जरा गुंतागुंतीचा आहे. तो मला साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला माझ्या मामांच्या बागेत कळला.

आधी शेंड्याचं बघू. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक, म्हणजे झाडाची वाढ चालवणारं रसायन, तयार होतं आणि ते खोडातून खाली वाहत राहतं. ते वाहतंय तोवर खालच्या पानांच्या बगलेतले डोळे गप्प बसतात. १९३३ साली थिमन आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी घेवड्यासारख्या शेंगा येणाऱ्या बाकल्याच्या झाडावर हे दाखवून दिलं. शेंडा कापला की बगलेतले डोळे फुटायचे. पण कापलेल्या जागी ऑक्झिन लावून ठेवलं, तर शेंडा अजून जागेवर असल्यासारखे ते झोपून राहायचे.

गंमत अशी की हे ऑक्झिन त्या बगलेतल्या डोळ्यात शिरतच नाही. मग ते दाबतं कसं? हा प्रश्न अनेक वर्षं रेंगाळला. त्याचा एक धागा २०१४ साली मटारावरच्या प्रयोगात सापडला. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं. पण शेंडा तोडल्यावर लांबचे डोळे त्याच्या कितीतरी आधी हलू लागले होते. त्यांना जागं केलं ते साखरेनं. शेंडा म्हणजे घरातला खादाड पोरगा. पानांनी बनवलेली साखर तो सगळी आपल्याकडे ओढतो. तो गेला की तीच साखर खालच्या डोळ्यांकडे वळते. म्हणजे शेंड्याचं वर्चस्व ऑक्झिन आणि साखर दोघं मिळून चालवतात, आणि डोळा फुटायला सायटोकायनिन हे संजीवकही लागतं.

आता वेल. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून महाराष्ट्रात वर्षाला दोन छाटण्या होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तीत ओलांड्यावर, म्हणजे तारेवर आडव्या बांधलेल्या जाड फांदीवर, एखाददुसरा डोळा ठेवून सगळं खरडून काढतात. या छाटणीनंतर येणाऱ्या काड्यांवर त्या हंगामात माल नसतो. ऑक्टोबरमध्ये त्याच काड्या फळछाटणीत ठरावीक डोळ्यावर कापल्या की घड बाहेर पडतो. बघणाऱ्याला वाटतं, घड ऑक्टोबरच्या कात्रीनं आला. खरं तर ऑक्टोबरच्या कात्रीनं फक्त दार उघडलं जातं; आत कोण बसलंय ते उन्हाळ्यातच ठरून गेलेलं असतं.

ओलांडा आडवा का, हेही इथंच सांगतो. उभ्या काडीवर सगळ्यात वरचे एक-दोन डोळे फुटतात आणि खालचे दबून राहतात. तीच काडी आडवी बांधली की ते वर्चस्व सैल पडतं आणि फुटी जास्त सारख्या निघतात. पण नव्या बागेत घाईघाईनं एका दमात सहा फूट ओलांडा पळवला, तर पुढचं टोक जोरात धावतं आणि मधले डोळे कायमचे मुके राहतात. म्हणून जाणते बागायतदार सात-आठ डोळ्यांवर शेंडा खुडून थांबतात, मागचे डोळे फुटले की पुढे जातात. ओलांड्यावर रिकामी जागा दिसली की समजावं, पहिल्या वर्षी घाई झाली होती.

खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात वेलीत मोठा निर्णय होतो. नव्या काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा असतो. त्या डोळ्याच्या पोटात, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाही एवढी, एक गाठ तयार होते. ती गाठ काय व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. तिचा घड होऊ शकतो किंवा बाळी होऊ शकते. बाळी म्हणजे वेल तारेला गुंडाळते तो धागा. दोघांचं मूळ एकच. खोटं वाटत असेल तर फळछाटणीनंतर बागेत फिरा. अर्धी बाळी आणि तिच्या टोकाला चार-पाच मणी, असे अर्धवट प्रकार हमखास दिसतात. बागायतदार म्हणतो, घड जिरला.

गाठ घडाकडे झुकते ती सायटोकायनिनच्या जोरावर आणि बाळीकडे झुकते ती जिबरेलिन या संजीवकामुळे. फळछाटणीनंतर मणी लांब व्हावेत म्हणून आपण पैसे मोजून फवारतो तेच हे जिबरेलिन. वेल स्वतः ते कधी जास्त बनवते? जेव्हा ती नुसती सरासर वाढत असते, म्हणजे नत्र भरपूर, पाणी भरपूर आणि शेंडा मोकाट. म्हणून या दिवसांत पाणी कमी करतात, नत्र थांबवतात आणि शेंडा खुडतात.

शेंडा कुठं खुडायचा यालाही हिशेब आहे. थॉमसनसारख्या जातीत काडीच्या तळाचे पहिले तीन-चार डोळे बहुतेक वांझ असतात. म्हणून काडी सात पानांची झाली की शेंडा खुडतात. वरच्या बगलेतून फूट येते, ती एकच ठेवतात. ती पुढे वाढते, तिला सबकेन म्हणतात, आणि जिथं खुडलं तिथं गाठ राहते. खुडल्यावर वाढ काही दिवस थबकते, साखर मागे साचते, आणि त्या गाठीजवळचे डोळे चांगले भरतात. एकूण पंधरा-सोळा पानं झाली की पुन्हा शेंडा मारतात. आजीचं हरभऱ्याचं वाक्य इथं जसंच्या तसं लागू आहे. फरक एवढाच की हरभऱ्यात फांद्या वाढवायच्या असतात, इथं नवी फूट एकच ठेवून बाकी ताकद डोळ्यांकडे वळवायची असते.

उरलं ऊन. द्राक्षाच्या एका पानावर शंभर भाग प्रकाश पडला, तर पानाखाली जेमतेम सहा भाग उतरतात. त्याखाली दुसरं पान असेल तर त्या सहाचे सहा टक्के, म्हणजे अर्धा भागही नाही. तिसऱ्या थरातलं पान खर्चापुरतीही साखर बनवत नाही. ते फक्त जागा अडवून बसलेलं असतं. त्याच्या बगलेतला डोळाही उपाशी राहतो. सावलीतले डोळे वांझ निघतात ते एवढ्यासाठी. म्हणून फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की विरळणी करायची. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या वेलीला पंचेचाळीस चौरस फूट मंडप मिळतो. दीड चौरस फुटाला एक काडी धरली तर तीस काड्या होतात. पन्नास ठेवल्या तर पन्नास घड येतील, हा हिशेब कागदावरचा. काड्या जास्त झाल्या का हे बघायला यंत्र लागत नाही. दुपारी बारा वाजता मंडपाखाली उभं राहून जमिनीकडे बघायचं. मातीवर कवडसे नाचत असतील तर ठीक. सलग काळी सावली असेल तर काड्या जास्त आहेत.

मामांच्या बागेत एका वर्षी हे सगळं आपोआप तपासलं गेलं. अर्ध्या बागेची खरड १० एप्रिलला झाली. मग छाटणीची टोळी दुसरीकडे निघून गेली आणि उरलेला अर्धा भाग १२ मेला उरकला. जात तीच, माती तीच, ठिबक तीच. दिवस मोजून बघा. पहिल्या भागाचे चाळीस ते साठ दिवस २० मे ते ९ जून या काळात आले. आभाळ कोरडं, ऊन लख्ख. दुसऱ्या भागाचे आले २१ जून ते ११ जुलै. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला होता, ढग हटत नव्हते आणि वेल पावसाच्या पाण्यावर बेफाम सुटली होती. फळछाटणीनंतर पहिल्या भागात बहुतेक फुटींवर घड निघाले, काहींवर दोन-दोन. दुसऱ्या भागात फुटी जोमदार, पानं हिरवीगार, पण जागोजागी नुसत्या बाळ्या. मामा ढगांना दोष देत होते. मला वाटतं, निम्मा दोष ढगांचा आणि निम्मा त्या वाढीचा. पाऊस दोन्ही बरोबर घेऊन येतो, त्यामुळे शेतात ते वेगळे काढता येत नाहीत.

मग सगळ्यांनी लवकर छाटावं का? खानदेशात त्यालाही मर्यादा आहे. आमच्याकडे मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. इतक्या तापमानाला पान आपली छिद्रं मिटून घेतं, साखर बनवणं मंदावतं, आणि खरडलेल्या ओलांड्यावर सावलीला एकही पान नसतं. डोळे फुटायला लागले की काही जागच्या जागी करपतात. मामा खरडीनंतरच्या पंधरा दिवसांत ओलांड्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारतात आणि बुडाशी उसाचं पाचट पसरतात. प्रकाश हवा, पण भट्टी नको, अशी ती कसरत असते.

एक मात्र लक्षात ठेवायचं, हे गणित द्राक्षाचं आहे. बोराला त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फळ येतं, म्हणून त्याची उन्हाळ्यात निर्धास्त छाटणी चालते. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. दिवाळीनंतर कुणी टोकं कापली तर मोहोरच कापला.

आता मामा फळछाटणीच्या आधी प्लॉटमधल्या काही काड्या डोळे तपासायला पाठवतात. तिथं डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे, केवढा आहे, ते कळवतात. सबकेन असेल तर बहुधा गाठीच्या पुढे एक डोळा राखून कापा, असं उत्तर येतं. सरळ काडी असेल तर सहाव्या-सातव्या डोळ्यावर. मग शेवटच्या दोन-तीन डोळ्यांनाच हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, म्हणजे नेमके तेच फुटतात. गेल्या वर्षी एका ओळीचा अहवाल आला, सहाव्या डोळ्यापर्यंत काही नाही. मामांनी ती ओळ आठव्या डोळ्यावर कापली आणि टोळीवाल्याला मार्चमध्येच फोन लावायचं घरात सांगून ठेवलं.