कीटक संग्रह (कॉलेज म्युझियमसाठी)

कीटक संग्रह म्हणजे कीटक पकडून, मारून, टाचणीवर लावून, वाळवून आणि लेबल लावून पेटीत असे ठेवायचे की पन्नास वर्षांनी कोणी पेटी उघडली तरी हा कीटक कुठला, कधीचा, कोणी पकडलेला हे विचारायला कुणाला फोन करावा लागू नये. आपल्याकडे ॲग्रीच्या पोरांना ही पेटी सबमिट करावी लागते आणि झूलॉजीच्या बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये जुन्या सागवानी पेट्या कपाटात असतात. इथे सगळी पद्धत एकाच कीटकावरून सांगितलीय, हुमणीच्या भुंगेऱ्यावरून, कारण तो महाराष्ट्रात सहज आणि भरपूर मिळतो, आकाराने हातात धरण्याजोगा असतो आणि संग्रहात होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्यावर व्यवस्थित करून बघता येतात.

हुमणी म्हणजे उसाच्या, भुईमुगाच्या मुळ्या खाणारी पांढरी अळी, आणि तिचा प्रौढ म्हणजे तपकिरी भुंगेरा. आपल्याकडची नेहमीची जात होलोट्रिकिया सेराटा. वळवाचा किंवा मान्सूनचा पहिला चांगला पाऊस पडला की दिवस मावळताना हे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन बसतात, तिथेच पाला खातात आणि जोड्या लागतात. संग्रहासाठी त्याच वेळी बॅटरी घेऊन झाडाखाली जायचं, खाली चादर पसरायची आणि फांदी हलवायची. शेतकरी असेच भुंगेरे पाडून रॉकेल टाकलेल्या पाण्यात मारतात, पण तिथून उचललेले घेऊ नका, ते तेलकट होतात आणि अंगावरचे केस चिकटून बसतात. दिव्याच्या सापळ्यातही येतात, फक्त तिथे सकाळपर्यंत थांबलं तर अर्ध्यांचे पाय तुटलेले मिळतात. नर आणि मादी दोन्ही घ्या, का ते पुढे येईल.

कायद्याचं एवढंच की हुमणी ही पिकावरची कीड आहे, शेतात मालकाला विचारून पकडायला अडचण नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचींमध्ये बऱ्याच फुलपाखरांची नावं आहेत आणि अभयारण्यात तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीच पकडायचं नाही. त्यामुळे पेटी छान दिसावी म्हणून आधी फुलपाखरांमागे धावायची जी सवय असते ती सोडलेलीच बरी.

मारायला किलिंग बॉटल लागते. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यायची, तळाला दोनेक सेंटीमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून पूर्ण वाळू द्यायचं आणि वापरायच्या वेळी त्यावर इथाइल ॲसिटेट ओतायचं, प्लास्टर जेवढं पिईल तेवढंच, वर तरंगणारं ओतून टाकायचं. काचेचीच बरणी का, तर हे रसायन काही प्लास्टिक विरघळवतं. आगही पटकन पकडतं, त्यामुळे जवळ स्टो नको. जुन्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकांत सायनाइडची बाटली असते, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. इथाइल ॲसिटेटचा फायदा म्हणजे कीटक मऊ राहतो, पाय हवे तसे वळवता येतात, क्लोरोफॉर्मने मारलेला ताठ होतो. आत टिश्यूचे चोळामोळा केलेले तुकडे टाका, ते घाम पुसतात आणि भुंगेरे एकमेकांना ओरबाडत नाहीत.

आता इथे पहिली मोठी चूक होते. माशी दोन-चार मिनिटांत मरते म्हणून भुंगेराही मेला असं समजतात. तो मेलेला नसतो, बेशुद्ध असतो, आणि मग टाचणीवर लावल्यावर रात्री पाय हलवायला लागतो, टाचणीभोवती फिरतो, सकाळी पेटीत सगळा गोंधळ. हे बघणं फार वाईट वाटतं आणि कीटकालाही उगाच यातना. भुंगेऱ्याला बाटलीत कमीत कमी दोन-तीन तास ठेवा, रात्रभर राहिला तरी काही बिघडत नाही. नाहीतर सरळ डब्यात घालून फ्रीजरमध्ये एक-दोन दिवस, हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे, फक्त बाहेर काढल्यावर अंगावर साचलेलं पाणी सुकू द्यायचं.

टाचणी शिंप्याची चालत नाही. तिला गंज चढतो, पितळेची असेल तर अंगातल्या चरबीने हिरवट बुरशीसारखा थर जमतो आणि कीटक आतून फुटतो, जुन्या पेट्यांत हे हमखास दिसतं. कीटकांची टाचणी वेगळी मिळते, स्टेनलेस स्टीलची, ३८ मिलिमीटर लांब, हुमणीच्या भुंगेऱ्याला दोन किंवा तीन नंबरची. खुपसायची कुठे तर उजव्या पंखकवचात, पुढच्या भागात, मधल्या शिवणीपासून थोडी उजवीकडे, अशी की खाली मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून बाहेर पडेल. मध्यरेषेवर का नाही, असं प्रत्येक बॅच विचारते. शिवणीत टाचणी घातली की दोन्ही कवचं उघडतात आणि वाळल्यावर तशीच राहतात, शिवाय ओळख पटवायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्याच असतात, एक बाजू टाचणीने बिघडली तरी डावी शाबूत राहिली पाहिजे, म्हणून सगळं जग उजवीकडेच खुपसतं. इतर गटांत जागा बदलते, टोळाला छातीवरच्या ढालीच्या मागच्या भागात उजवीकडे, ढेकणाच्या नात्यातल्या किड्यांना पाठीवरच्या त्रिकोणात उजवीकडे, फुलपाखराला मात्र छातीच्या बरोबर मध्ये. पाच मिलिमीटरपेक्षा छोट्यांना टाचणी लावतच नाहीत, कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर गोंदाने चिकटवतात आणि टाचणी त्या कागदात.

खुपसल्यावर भुंगेऱ्याच्या पाठीवर साधारण एक सेंटीमीटर टाचणी उरली पाहिजे, बोटात धरायला. ही उंची डोळ्याने नाही होत, त्यासाठी पायऱ्यांचा लाकडी ठोकळा असतो, नसला तर पट्टीवर खूण करा. पुढून आणि बाजूने दोन्हीकडून बघा, भुंगेरा आडवा सरळ आहे का. एका बाजूला झुकलेला असेल तर लगेच काढून परत खुपसायचा मोह होतो, तो आवरा, दुसरं भोक पडलं की तो ढिला होऊन फिरायला लागतो. आधीच बघून एकदाच खुपसा.

मग थर्माकोलवर घेऊन पाय लावायचे. दोन टाचण्यांच्या कात्रीत धरून पुढचे पाय पुढे आणि बाकीचे मागे, अंगालगत, मिशा दिसतील अशा. पाय लांब पसरले की रुबाबदार दिसतात पण पेटीत हाताला लागून तेच आधी तुटतात. नर असेल तर अजून एक काम याच वेळी, मऊ असतानाच. या भुंगेऱ्यांच्या जवळच्या जाती वरून बघून सहसा कळत नाहीत, नराचं जननेंद्रिय बघावं लागतं. पोटाच्या टोकाकडून बारीक हुक वळवलेल्या टाचणीने ते ओढून काढतात, दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये साफ करतात आणि कार्डाच्या तुकड्यावर चिकटवून त्याच टाचणीला लावतात. वेगळ्या डबीत ठेवलं की गेलंच. मादी घेतलेली असते ती सोबतीला, पण नाव नरावर ठरतं.

वाळवणं ही आपल्याकडची खरी परीक्षा, कारण हा भुंगेरा निघतोच पावसाच्या तोंडावर आणि पोट चरबीने भरलेलं. कोरड्या दिवसांत जे आठवड्यात वाळतं ते जूनमध्ये पंधरा दिवसांत वाळत नाही, वर पांढरी बुरशी येते. लॅबमध्ये ओव्हन असेल तर चाळीस-पंचेचाळीस अंशाला काही दिवस, नसेल तर लाकडी खोक्यात लहान बल्ब लावून चालतं. वाळला का ते ओळखायचं असं की पोटाला टाचणीने हळूच टोचून बघा, दबलं तर अजून ओला आहे, कडक लागलं की झाला. आधी वाळून ताठ झालेला असेल आणि पाय सरळ करायचे असतील तर ओल्या वाळूच्या बंद डब्यात, थोडं फिनॉल टाकून, दीड-दोन दिवस ठेवला की पुन्हा मऊ होतो. जोर लावून वळवला तर पाय गेला.

आता लेबल. नाव नसलेला भुंगेरा नंतर कोणीतरी ओळखेल, पण ठिकाण नसलेल्या भुंगेऱ्याचं कोणीच काही करू शकत नाही. टाचणीवर पहिलं लेबल ठिकाणाचं. साधारण अठरा बाय आठ मिलिमीटर, आम्लविरहित जाड कागद, न उडणारी काळी शाई. समजा शिरोळ तालुक्यात बाभळीवर पकडला, तर लिहायचं भारत, महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ, गावाचं नाव, अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत म्हणजे दहा-अकरा मीटरपर्यंत जागा नक्की होते, मग तारीख, पकडणाऱ्याचं नाव, आणि जागा उरली तर बाभळीवर, संध्याकाळी, हाताने. तारखेतला महिना रोमन अंकात लिहितात, कारण सात-आठ असं आकड्यात लिहिलं तर अमेरिकन माणूस आठ जुलै वाचतो आणि आपण सात ऑगस्ट. कॉलेज कॅम्पस असं लिहिलेलं लेबल मी शेकड्याने बघितलंय, कुठलं कॉलेज, कुठलं गाव, देव जाणे.

जातीचं नाव या लेबलवर लिहायचं नाही. ते खाली वेगळ्या लेबलवर, ओळखणाऱ्याच्या नावासह आणि वर्षासह, कारण नाव पुढे बदलू शकतं आणि तेव्हा जुनं लेबल काढायचं नसतं, त्याच्याखाली नवं घालायचं. दोन्ही लेबलं एकाच बाजूने वाचता आली पाहिजेत. अळी असेल तर टाचणी नाही, आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये, नाहीतर काळी पडते. तिथे लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलने किंवा इंडियन इंकने, कारण लेसर प्रिंटची अक्षरं अल्कोहोलमध्ये सुटून तरंगताना मी पाहिलीत.

खोटी लेबलं लगेच पकडता येतात. पेटीतल्या पन्नास कीटकांवर एकच तारीख, आणि तीही सबमिशनच्या आदल्या आठवड्यातली. डिसेंबरच्या तारखेचा हुमणीचा प्रौढ, जो त्या वेळी जमिनीखाली असतो. सिनियरची पेटी घेऊन फक्त लेबलं बदललेली, टाचणीवर जुनी भोकं असलेला कागद. परीक्षक हे पाच मिनिटांत ओळखतात.

पेटीत डांबर गोळ्या ठेवतात, पण तळाला थर्माकोल असेल तर गोळीला कापडात बांधून कोपऱ्यात टाचा, नाहीतर तिच्याखालचा थर्माकोल वितळून चिकट खड्डा पडतो. खरा शत्रू म्हणजे संग्रहालयातला बारीक भुंगेरा, अँथ्रेनस, त्याच्या केसाळ अळ्या वाळलेले कीटक आतून खातात. वरून भुंगेरा अगदी नीट दिसतो, पण पेटी हलक्या हाताने ठोकली की त्याच्या बरोबर खाली तपकिरी भुकटीची छोटी रास दिसते. अशी रास दिसली की ती पेटी कपाटातून बाहेर काढा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उणे वीस अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आणि शेजारच्या पेट्या त्याच दिवशी तपासा.