पांढऱ्या गुठळ्या आणि उतरत्या पेशी : हेपॅरिनमुळे होणाऱ्या एका आजाराची पार्श्वभूमी

कोकणात मृग लागल्यापासून नवरात्र सरेपर्यंत 'पेशी किती?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. पेशी म्हणजे इथे प्लेटलेट्स, आणि त्या उतरल्या म्हणजे डेंगी, लेप्टो किंवा मलेरिया, हे समीकरण लोकांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही मनात पक्के बसलेले आहे. ते बहुतेक वेळा बरोबरही असते. मात्र रुग्णालयात दाखल असलेल्या, ताप नसलेल्या आणि आठवडाभर हेपॅरिनची इंजेक्शने घेत असलेल्या माणसाच्या पेशी उतरू लागल्या, तर याच समीकरणामुळे धोका निर्माण होऊ शकतो. डेंगीत पेशी उतरल्या की रक्तस्रावाची भीती असते. हेपॅरिनमुळे उतरल्या की नेमके उलटे घडते. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधामुळेच नव्या गुठळ्या होऊ लागतात. हा उलटा प्रकार वैद्यकाला कसा उमगला, याचा इतिहास माहीत असला की त्याची लक्षणे ओळखणे पुष्कळ सोपे जाते.

हेपॅरिनचा शोध १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे मॅकलीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून लागला. यकृतात सापडले म्हणून यकृताच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. १९३०च्या दशकात ते रुग्णांना देण्याइतके शुद्ध झाले, आणि पुढची वीस वर्षे त्याच्याबद्दल शंका घेण्याचे कोणाला कारण पडले नाही.

पहिली शंका आली ती रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांना. १९५८ साली अमेरिकेतील वाइसमन आणि टोबिन यांनी दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांना हेपॅरिन चालू असताना, बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, पायाच्या धमन्यांत अचानक गुठळ्या अडकल्या होत्या. शस्त्रक्रिया करून त्या बाहेर काढल्या, तेव्हा त्या नेहमीसारख्या काळपट लाल नव्हत्या, तर फिकट आणि मऊ होत्या. लाल गुठळीत तांबड्या पेशी अडकलेल्या असतात. या फिकट गुठळ्यांत त्या जवळजवळ नव्हत्या, प्लेटलेट्स आणि फायब्रिनचे धागे मात्र भरपूर होते. याचा अर्थ रुग्णाच्या प्लेटलेट्स कुठे चालल्या आहेत, ते त्या गुठळ्यांतच डोळ्यांसमोर होते. पण त्या काळी प्लेटलेट्सची मोजणी रोजच्या तपासणीचा भाग नव्हती. त्यामुळे गुठळ्या दिसल्या, पण रक्तातल्या पेशी कमी होत आहेत हे कोणाच्या ध्यानात आले नाही. या साऱ्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो, कारण पुरावा ओट्यावरच्या वाडग्यात पडलेला होता आणि तो वाचायला लागणारा आकडा मात्र कोणी मागवलेला नव्हता.

१९६४ मध्ये फिलाडेल्फियातील रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसेच आणखी अकरा रुग्ण नोंदवले. हे संकट पहिल्या दोन-चार दिवसांत येत नाही, आठवड्या-दीड आठवड्याने येते, यावर त्यांनी बोट ठेवले. शरीराने एखाद्या परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून यामागे प्रतिकारशक्तीची काही गडबड असावी, असा तर्क त्यांनी मांडला. तो पुढे खरा ठरला. १९७३ मध्ये ऱ्होड्स, डिक्सन आणि सिल्व्हर यांनी गुठळ्या आणि घटलेल्या प्लेटलेट्स या दोन गोष्टी एकत्र जोडल्या, आणि रुग्णाच्या रक्तद्रवातच प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला लावणारा घटक असल्याचे दाखवले. पुढे १९९२ मध्ये फ्रान्समधील आमिराल आणि सहकाऱ्यांनी ती प्रतिपिंडे नेमकी कशाविरुद्ध असतात, याचा उलगडा केला.

प्लेटलेट्सच्या पोटात 'प्लेटलेट फॅक्टर ४' नावाचे धनभारित प्रथिन असते. हेपॅरिनवर भरपूर ऋणभार असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घट्ट बिलगतात आणि त्या जोडीचे रूप शरीराला परके वाटते. तिच्याविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड एका टोकाने ती जोडी धरते आणि दुसऱ्या टोकाने प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते. प्लेटलेट त्यामुळे चेतते, आपल्या पोटातले आणखी तेच प्रथिन बाहेर टाकते, त्याला आणखी हेपॅरिन चिकटते आणि चक्र वेग घेते. या सगळ्यातून थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारा मुख्य घटक, प्रचंड प्रमाणात तयार होतो. पेशी घटतात त्या गुठळ्यांमध्ये खर्ची पडल्यामुळे आणि चेतलेल्या प्लेटलेट्स रक्तातून काढून टाकल्या गेल्यामुळे. हेपॅरिन का थांबवायचे, याचे उत्तर इथेच आहे. हेपॅरिनचा प्रत्येक थेंब हा या चक्राला मिळणारा कच्चा माल असतो, त्यामुळे 'गुठळी वाढली, डोस वाढवा' हा एरवी योग्य असणारा विचार इथे रुग्णाच्या जिवावर बेततो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते एका रचलेल्या उदाहरणावरून पाहू. देवगडजवळच्या एका वाडीतील ५८ वर्षांच्या बाई आषाढात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याजवळ हाड मोडले. दाखल झाल्या त्या दिवशी प्लेटलेट्स २,६०,००० होत्या. शिरेत गुठळी होऊ नये म्हणून त्याच दिवसापासून कातडीखाली ५,००० युनिट हेपॅरिन दिवसातून दोनदा सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतर पेशी १,९०,००० वर आल्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असे होतेच. पाचव्या दिवशी त्या २,८०,००० पर्यंत वर चढल्या. सातव्या दिवशी १,६०,०००, आठव्या दिवशी ९०,०००. त्याच सकाळी न मोडलेल्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटर जाड भरली, आणि डॉपलर तपासणीत मांडीच्या शिरेत ताजी गुठळी दिसली.

मुलाने विचारले, "डॉक्टरांनू, आवशीच्या पेशी उतरल्यो. डेंगी तर नाय ना?" प्रश्न रास्त होता. वॉर्डात डेंगीचे रुग्ण होते. पण बाईंना ताप नव्हता, अंगावर पुरळ नव्हते आणि डेंगीची तपासणी निगेटिव्ह होती. शिवाय एक फरक आकड्यांतच होता. या आजारात पेशी सहसा २०,००० च्या खाली जात नाहीत, बहुतेकांत त्या ६०,००० च्या आसपास थांबतात, आणि रक्तस्राव क्वचितच होतो.

अशा वेळी डॉक्टर चार गोष्टी तपासतात आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतात. पेशी किती घटल्या, कोणत्या दिवशी घटल्या, नवी गुठळी झाली का, आणि दुसरे कारण संभवते का. बाईंच्या पेशी शस्त्रक्रियेनंतरच्या सर्वांत वरच्या आकड्यापासून, म्हणजे २,८०,००० पासून, दोन तृतीयांशांहून अधिक घटल्या होत्या, म्हणून दोन गुण. घसरण पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या टप्प्यात सुरू झाली, म्हणून दोन. नवी गुठळी होती, म्हणून दोन. अँटिबायोटिकही चालू असल्याने दुसरे कारण पूर्णपणे फेटाळता येत नव्हते, म्हणून एक. आठांपैकी सात गुण झाले. सहा किंवा अधिक म्हणजे शक्यता मोठी, तीन किंवा कमी म्हणजे शक्यता फार थोडी. इथे घट मोजायची ती आधीच्या आकड्याच्या तुलनेत. आकडा दीड लाखाच्या वर आहे म्हणून निर्धास्त राहिल्यास चार लाखांवरून १,७०,००० वर आलेला रुग्ण नजरेतून सुटतो.

प्रतिपिंडांच्या एलायझा तपासणीसाठी रक्त मोठ्या शहराच्या प्रयोगशाळेकडे रवाना झाले, पण उपचार अहवालासाठी थांबले नाहीत. ते बरोबरच होते, कारण अहवाल यायला दिवस लागतात आणि गुठळ्या तोवर वाट पाहत नाहीत. ही तपासणी निगेटिव्ह आली तर आजार जवळजवळ निकालात निघतो, मात्र पॉझिटिव्ह आल्याने तो सिद्ध होतोच असे नाही. प्रतिपिंडे असूनही आजार न होणारे लोक बरेच असतात.

इंजेक्शने बंद करण्याचा आदेश लिहिला गेला. तरी संध्याकाळी सलाईनची सुई तुंबू नये म्हणून परिचारिका ट्रेवरच्या बाटलीतून सिरिंज भरत होती, आणि त्या बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलेले होते, 'हेप-सलाईन'. तो फ्लशही हेपॅरिनच आहे. डायलिसिसच्या नळीतले हेपॅरिन आणि हेपॅरिनचा लेप असलेला कॅथेटरही तसाच. कमी रेणुभाराचे हेपॅरिन, म्हणजे एनॉक्सापॅरिनसारखे औषध, हाही पर्याय नव्हे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधे हेपॅरिन घेणाऱ्या ३३२ जणांपैकी नऊ जणांना हा आजार झाला, तर कमी रेणुभाराचे घेणाऱ्या ३३३ जणांपैकी कोणालाही झाला नाही. म्हणून ते आधीपासून दिलेले बरे. पण प्रतिपिंडे एकदा तयार झाली की ती त्यालाही ओळखतात.

केवळ बंद करून भागत नाही, हे १९९६ च्या वॉरकेंटिन आणि केल्टन यांच्या अभ्यासाने दाखवले. पेशी घटल्याचे पाहून ज्यांचे हेपॅरिन थांबवले आणि तोवर गुठळी नव्हती, अशा ६२ जणांपैकी सुमारे निम्म्यांना पुढच्या महिनाभरात गुठळी झाली. थ्रॉम्बिनची लाट हेपॅरिन गेल्यावरही काही दिवस टिकते, म्हणून वेगळ्या मार्गाने रक्त पातळ ठेवावे लागते. आर्गाट्रोबॅन, बायव्हलिरुडिन आणि फोंडापॅरिनक्स ही त्यासाठी वापरातली औषधे आहेत. बाईंची मूत्रपिंडे चांगली होती आणि वजन ५२ किलो होते, म्हणून रोज ७.५ मिलिग्रॅम फोंडापॅरिनक्सचे एकच इंजेक्शन दिले गेले. मूत्रपिंडे बिघडलेली असती तर हे औषध चालले नसते.

याच टप्प्यावर दोन चुका सहज घडतात. डेंगीच्या सवयीने प्लेटलेट्सची पिशवी चढवली जाते. रक्तस्राव नसेल तर ती टाळतात, कारण चक्राला आणखी प्लेटलेट्स मिळतात. दुसरी चूक म्हणजे घाईने वॉरफरिन सुरू करणे. वॉरफरिन सुरुवातीला रक्ताला आवर घालणारे प्रोटीन सी आधी कमी करते, आणि थ्रॉम्बिन उसळलेले असताना तसे झाले तर नाडी लागत असतानाही पायाची बोटे काळी पडू शकतात. पेशी १,५०,००० वर स्थिरावल्याशिवाय ते देत नाहीत, आणि आधीच दिलेले असेल तर व्हिटॅमिन के देऊन त्याचा परिणाम उतरवतात.

बाईंच्या पेशी हेपॅरिन बंद केल्यानंतर चौथ्या दिवसापासून वर येऊ लागल्या आणि सातव्या दिवशी दीड लाखांच्या पुढे गेल्या. त्यानंतर तोंडाने घ्यायचे रक्त पातळ करणारे औषध तीन महिन्यांसाठी ठरले.

कोकणासाठी यात आणखी एक बाब आहे. बायपास किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला होते आणि रुग्ण आठवड्या-दीड आठवड्यात गावी परततो. काहींच्या पेशी हेपॅरिन बंद झाल्यानंतर, अगदी तीन आठवड्यांपर्यंतही, उतरू शकतात. अशा रुग्णाचा पाय सुजला किंवा दम लागला आणि गावच्या डॉक्टरांनी गुठळीच्या संशयाने चांगल्या हेतूने हेपॅरिन टोचले, तर पेशी काही तासांतच कोसळतात, कारण प्रतिपिंडे रक्तात आधीच तयार असतात. ती साधारण तीन महिन्यांत नाहीशी होतात. म्हणून पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर मागच्या शंभर दिवसांत हेपॅरिन दिल्याची नोंद आहे का ते पाहावे लागते, आणि कार्डावर तसे काही नसेल तर घरच्यांना विचारावे लागते : "तिथे पोटात छोटी छोटी इंजेक्शनं देत होते का, आणि किती तारखेपासून?"