संत्र्याची लिकर, कॉफीची लिकर

कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटावर स्पॅनिश लोकांनी नेलेली गोड संत्री तिथल्या रुक्ष हवेत कडू झाली. फळ खाण्यालायक उरले नाही, पण सालीत सुगंधी तेल भरपूर होते. ती वाळलेली साल मद्यात मुरवून डच लोकांनी जी गोड लिकर रूढ केली, तिचे नावही क्युरासाओच पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ‘ट्रिपल सेक’ ही संत्र्याचीच लिकर आली. ‘सेक’ म्हणजे कोरडी, अर्थात गोडवा कमी असलेली. त्यातली क्वांत्रो आजही ४० टक्के अल्कोहोलची, म्हणजे टकिलाइतकीच कडक असते. १८८० सालच्या ग्राँ मार्निएचा आधार कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी आहे. तीही ४० टक्क्यांची, पण चवीला जड.

मार्गारिटा आणि साइडकार या कॉकटेलांमध्ये संत्र्याची लिकर साखर आणि मद्य अशी दोन्ही कामे करते. ५० मिली टकिला, २० मिली क्वांत्रो आणि १५ मिली लिंबूरस यांत शुद्ध अल्कोहोल २८ मिली असते. क्वांत्रोऐवजी १५ टक्क्यांची स्वस्त ट्रिपल सेक घातली, तर ते २३ मिलीवर येते. बर्फाचे पाणी मिसळल्यावर पेय आणखी पातळ होते. त्यात या स्वस्त बाटल्या बहुधा जास्त गोड असतात, म्हणून मार्गारिटा सरबतासारखी लागते. अशा वेळी लिकर १५ मिलीवर आणावी आणि टकिला ५ मिली वाढवावी. लिंबू वाढवत बसलात तर गोडवा दबेल, पण पेयाचा पातळपणा जाणार नाही.

कॉफीच्या लिकरची गोष्ट बरीच अलीकडची. मेक्सिकोतली कलुआ १९३६ची. ती एकेकाळी २६.५ टक्क्यांची होती, नंतर २० वर आली आणि काही देशांत १६ टक्क्यांची मिळते. गोडवा मात्र भरपूर. लिंबाशी कॉफीचे क्वचितच जमते, म्हणून ती व्होडका, साय किंवा ताज्या एस्प्रेसोबरोबर जाते. ब्लॅक रशियनला ५० मिली व्होडका आणि २० मिली लिकर पुरते. वरून साय घातली की व्हाइट रशियन. एस्प्रेसो मार्टिनीत मात्र लिकरची निवड महत्त्वाची. ऑस्ट्रेलियाच्या मिस्टर ब्लॅकसारखी कमी गोड लिकर वापरली तर साखरेचा पाक घालावा लागतो, नाहीतर एस्प्रेसोचा कडूपणा वर येतो.

दोघींतला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर बी-५२ हे थरांचे कॉकटेल करावे. लहान ग्लासात २० मिली कॉफी लिकर, त्यावर चमच्याच्या पाठीवरून सावकाश २० मिली आयरिश क्रीम ही व्हिस्की आणि सायीची लिकर आणि शेवटी तितकीच ग्राँ मार्निए. साखर द्रव जड करते आणि अल्कोहोल हलका, म्हणून कॉफी तळाशी बसते आणि संत्रे वर तरंगते. तिथे १५ टक्क्यांची गोड ट्रिपल सेक ओतली, की ती क्रीममधून खाली घुसते आणि थर गढूळ होतात.